तांबं, चांदी आणि मिठाचं पाणी : इलेक्ट्रोड पोटेन्शियलच्या प्रकल्प नोंदी

८ जुलै

प्रकल्पाचा प्रश्न हुपरीहून आला. मामांचा तिथे चांदीचा छोटा कारखाना आहे. कानशीचा चुरा आणि मोडतोड ते नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडून चांदी परत मिळवतात. रविवारी गेले होते तेव्हा म्हणाले, "पोरी, तांबं सोडलं की चांदी खाली बसत्या, हे आम्हाला ठावं हाय. पण कधी कधी पाण्यात पांढरं दही धरतंय, आन् मग तांबं घालून बी काय हलत न्हाई. असं का, ते तुझ्या मॅडमना विचार की."

मॅडमना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, मला आणि माझ्या जोडीदारणीला प्रकल्प दिला. अट एकच: आधी कागदावर भाकीत लिहायचं, तारीख टाकायची, मग चंचुपात्र हातात घ्यायचं. अभिक्रिया होईल की नाही हे प्रमाण इलेक्ट्रोड पोटेन्शियलच्या तक्त्यावरून सांगायचं आणि ते प्रत्यक्षात पडताळायचं.

तक्त्यातल्या सगळ्या ओळी लागणार नाहीत. आम्हा दोघींना सध्या एवढ्या पुरतील. सगळ्या क्षपणाच्या बाजूने लिहिलेल्या आहेत, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याच्या; आकडा जितका वरचा, तितकी इलेक्ट्रॉन ओढायची ताकद जास्त:

NO₃⁻ + 4H⁺ + 3e⁻ → NO + 2H₂O : +०.९६ व्होल्ट
Ag⁺ + e⁻ → Ag : +०.८०
Cu²⁺ + 2e⁻ → Cu : +०.३४
2H⁺ + 2e⁻ → H₂ : ०.००
Fe²⁺ + 2e⁻ → Fe : −०.४४
Zn²⁺ + 2e⁻ → Zn : −०.७६

हायड्रोजनची ओळ शून्य, कारण बाकीच्या सगळ्या तिच्या तुलनेत मोजलेल्या आहेत. शिवाय हे आकडे एका विशिष्ट परिस्थितीचे आहेत: तापमान २५ अंश आणि द्रावणातल्या प्रत्येक आयनाची संहती लिटरला एक मोल. तापमानाची अडचण नाही, पावसाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत पारा तिथेच आसपास असतो. संहतीची अट मात्र पुढे नडणार, असं मॅडम आत्ताच सांगून गेल्या.

१० जुलै

आज फक्त कागदकाम. पहिली जोडी: चांदीच्या नायट्रेटमध्ये तांबं.

रीत अशी. इलेक्ट्रॉन कोण घेणार आणि कोण देणार ते आधी ठरवायचं. इथे Ag⁺ घेणार, म्हणजे क्षपण चांदीचं. Cu देणार, म्हणजे ऑक्सिडीकरण तांब्याचं. मग घेणाऱ्याच्या आकड्यातून देणाऱ्याचा आकडा वजा करायचा:

E° = ०.८० − ०.३४ = +०.४६ व्होल्ट

उत्तर धन आलं, म्हणजे अभिक्रिया लिहिलेल्या दिशेने होईल. उलट जोडी, म्हणजे मोरचुदाच्या द्रावणात चांदीची तार, घेतली तर ०.३४ − ०.८० = −०.४६. ऋण, म्हणजे होणार नाही.

इथे एका गोष्टीवर आमची बरीच चर्चा झाली. संतुलित समीकरण असं आहे:

Cu + 2Ag⁺ → Cu²⁺ + 2Ag

चांदीचे आयन दोन आहेत, मग ०.८० ला दोनाने गुणायचं का? नाही. पोटेन्शियल म्हणजे एकक विद्युतभारामागची ऊर्जा. इलेक्ट्रॉन दुप्पट झाले तर ऊर्जा दुप्पट होते, पण भारही दुप्पट होतो, त्यामुळे भागाकार तोच राहतो. इलेक्ट्रॉनांची संख्या येते ती ΔG° = −nFE° या सूत्रात. इथे n = २, F म्हणजे एक मोल इलेक्ट्रॉनांचा भार, ९६,५०० कूलोम, म्हणून ΔG° = −२ × ९६,५०० × ०.४६, म्हणजे सुमारे −८९ किलोज्यूल. E धन असेल तर ΔG ऋण, आणि ΔG ऋण म्हणजे अभिक्रिया आपणहून होऊ शकते. चिन्हाचा सगळा अधिकार इथून येतो. आकडा गुणला असता तर १.६० − ०.३४ असं काहीतरी आलं असतं. या जोडीत चिन्ह तेवढ्याने बदलत नाही, पण जवळच्या आकड्यांच्या जोडीत उत्तर थेट उलटं होऊ शकतं.

मामांच्या कामातला आणखी एक भाग याच रीतीने तपासला. चांदी नायट्रिक आम्लात विरघळते, मग हायड्रोक्लोरिक आम्लात का नाही? साध्या आम्लात इलेक्ट्रॉन घेणारा फक्त H⁺, त्याचा आकडा शून्य: ०.०० − ०.८० = −०.८०. नायट्रिक आम्लात इलेक्ट्रॉन घेतो तो नायट्रेट: ०.९६ − ०.८० = +०.१६. म्हणजे चांदीला विरघळवण्याचं काम आम्लातला हायड्रोजन करत नाही, नायट्रेट करतो. भांड्यातून हायड्रोजनऐवजी तपकिरी धूर येतो तो याचमुळे: आधी NO निघतो आणि हवा लागताच त्याचा NO₂ होतो.

१३ जुलै

लक्ष्मीपुरीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून अर्थिंगची उघडी तांब्याची पट्टी आणली. मोटरच्या वायंडिंगची तार घेतली नाही, कारण तिच्यावर वॉर्निशचा थर असतो. पट्टी पॉलिश पेपरने घासून लखलखीत केली.

०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट, पाणी डिस्टिल्ड. पट्टी बुडवली आणि जवळून पाहत बसलो. सुरुवातीला बुडालेला भाग नुसता काळवंडतो. ही चांदीच असते, पण इतक्या बारीक कणांची की चमकत नाही. काही मिनिटांत त्या काळपट थरातून राखाडी केस फुटायला लागतात आणि त्यांना फांद्या येतात. फांद्या टोकाकडे वाढतात, पट्टीकडे नाही. याचं कारण छान आहे. चांदी स्वतः वीज वाहते, म्हणून तांब्याने सोडलेले इलेक्ट्रॉन फांदीतून टोकापर्यंत पोहोचतात, आणि Ag⁺ आयन ताज्या द्रावणातून टोकालाच आधी भेटतात. दुपारपर्यंत द्रावण निळसर झालं, म्हणजे Cu²⁺ आला. शेजारच्या परीक्षानळीत मोरचुदात चांदीची तार ठेवली होती. ती होती तशीच. दोन्ही भाकितं बरोबर.

अभिक्रिया पूर्ण झाली हे कसं ओळखायचं? वरचं निळं पाणी थोडं वेगळं काढून त्यात मिठाच्या पाण्याचा थेंब टाकायचा. Ag⁺ शिल्लक असेल तर पांढरा गढूळपणा येतो. दुपारी आला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी आला नाही. हेही गणितात बसतं. E° = ०.४६ वरून समतोल स्थिरांकाचा लॉग २ × ०.४६ ÷ ०.०५९२, म्हणजे सुमारे १५.५ येतो. इतका मोठा स्थिरांक म्हणजे तांबं पुरेसं असेल तर लिटरमागे १०⁻⁸ मोलहूनही कमी चांदी द्रावणात उरते. व्यवहारात सगळी.

मामांसाठी हिशेब: ६३.५ ग्रॅम तांबं विरघळलं की २१५.८ ग्रॅम चांदी बसते. ग्रॅमला साधारण ३.४ ग्रॅम. पट्टीचं वजन याहून जास्त घटत असेल तर द्रावणात मोकळं नायट्रिक आम्ल उरलंय असं समजावं. त्याचं आणि तांब्याचं गणित ०.९६ − ०.३४ = +०.६२ आहे, म्हणजे ते तांबं फुकट खातं. पट्टीवर बुडबुडे आणि वर तपकिरी धूर ही त्याची खूण.

१६ जुलै

हीच अभिक्रिया आज दोन भांड्यांत वेगळी करून व्होल्टमीटरवर मोजली. एका भांड्यात तांब्याची पट्टी ०.१ मोलर मोरचुदाच्या द्रावणात, दुसऱ्यात चांदीची तार ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये, मध्ये दोन्ही द्रावणं जोडणारा क्षारसेतू. क्षारसेतूसाठी फडताळातली पोटॅशियम क्लोराईडची बाटली नको, पोटॅशियम नायट्रेट घ्या, असं लॅब असिस्टंट काकांनी बजावलं. क्लोराईड चांदीच्या भांड्यात उतरलं की सेतूच्या तोंडाशी सिल्व्हर क्लोराईडचा साका धरतो आणि मोजमाप बिघडतं. पांढऱ्या दह्याची गोष्ट अशी आधीच डोकावली.

मीटरवर ०.४६ येणार नाही हे आधी लिहून ठेवलं होतं, कारण संहती एक मोलर नाही. नर्न्स्टचं समीकरण:

E = E° − (०.०५९२ ÷ n) × log Q

Q = [Cu²⁺] ÷ [Ag⁺]² = ०.१ ÷ ०.०१ = १०, त्याचा लॉग १. n = २. म्हणून E = ०.४६ − ०.०३ = ०.४३. मीटर ०.४२ वर स्थिरावला. आम्हाला हे पुरेसं वाटलं.

या मोजमापातून एक महत्त्वाचा अंदाज हाती लागला. संहती दहापट बदलली तरी आकडा तीस ते साठ मिलिव्होल्टच हलतो. म्हणून E° जर अर्ध्या व्होल्टच्या घरात असेल, तर संहतीच्या साध्या फरकांनी त्याचं चिन्ह उलटत नाही, डोळे झाकून भाकीत करावं. पण E° शून्याच्या जवळ असेल, समजा ०.१ च्या आत, तर नुसत्या चिन्हावर विसंबणं धोक्याचं. आणि एखाद्या आयनाची संहती कोट्यवधी पटींनी घसरली, तर मोठा E° सुद्धा वाचत नाही. साका धरतो तेव्हा नेमकं हेच होतं.

१९ जुलै

पांढरं दही म्हणजे सिल्व्हर क्लोराईड. मामा चांदीचं पाणी पातळ करायला कधी साठवलेलं पावसाचं पाणी घेतात, कधी बोअरचं. बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्लोराईड असतात. ते Ag⁺ ला भेटले की दह्यासारखा फुटीर पांढरा साका होतो. आता द्रावणात मोकळा Ag⁺ जवळजवळ नाहीच, म्हणून तक्त्यातली +०.८० ही ओळ इथे लागू नाही. लागू ओळ ही:

AgCl + e⁻ → Ag + Cl⁻

हिचा आकडा तक्त्यात +०.२२ दिलेला आहे. तो नुसता उचलण्याऐवजी आम्ही काढून पाहिला, कारण तो कुठून येतो हे कळलं की बाकी सगळं सुटतं. सिल्व्हर क्लोराईडचा विद्राव्यता गुणाकार, म्हणजे द्रावणात राहू शकणाऱ्या Ag⁺ आणि Cl⁻ च्या संहतींचा गुणाकार, १.८ × १०⁻¹⁰. क्लोराईड एक मोलर असेल तर द्रावणात Ag⁺ फक्त १.८ × १०⁻¹⁰ मोलर राहू शकतो. ही संहती नर्न्स्टच्या समीकरणात टाकली:

E = ०.८० + ०.०५९२ × log(१.८ × १०⁻¹⁰) = ०.८० − ०.५८ = ०.२२

म्हणजे ही दुसरी कुठली चांदी नाही. तीच चांदी, फक्त तिचे आयन साक्यात अडकल्याने तिची इलेक्ट्रॉन ओढायची ताकद ०.५८ व्होल्टने उतरली. ती उतरून तांब्याच्या ०.३४ च्या खाली गेली, हाच या प्रश्नाचा गाभा.

आता भाकीत. तांबं आणि सिल्व्हर क्लोराईड: ०.२२ − ०.३४ = −०.१२. होणार नाही. मामांचं निरीक्षण बरोबर. पण आकडा शून्याच्या जवळ आहे, म्हणून भाकितापुढे "जपून" असं लिहून ठेवलं.

लोखंड आणि सिल्व्हर क्लोराईड: ०.२२ + ०.४४ = +०.६६. होणार. जस्त: ०.२२ + ०.७६ = +०.९८. होणार.

२३ जुलै

सिल्व्हर नायट्रेटमध्ये जादा मीठ घालून साका पाडला, धुतला आणि चार चंचुपात्रांत एक मोलर मिठाच्या पाण्याखाली ठेवला. पहिल्यात तांब्याची पट्टी, दुसऱ्यात लोखंडी खिळा आणि थोडं विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, तिसऱ्यात जस्ताचा तुकडा आणि तेवढंच आम्ल, चौथ्यात काहीच नाही.

चौथं पात्र सगळ्यात महत्त्वाचं. सिल्व्हर क्लोराईड उजेडात स्वतःच जांभळट-राखाडी होतं, कारण उजेडाने त्याचं थोडंसं विघटन होऊन बारीक चांदी सुटते. कोणी तांबं घालून खिडकीत ठेवलं आणि संध्याकाळी राखाडी दिसलं, तर अभिक्रिया झाली असं वाटेल, आणि तांब्याचा त्यात काही हात नसेल. म्हणून चारही पात्रं काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवली, आणि बघायचं तेव्हा चारही एकदम बघायची असं ठरलं.

खिळे घेताना पांढरे चकचकीत खिळे टाळले. त्यांच्यावर जस्ताचा मुलामा असतो, आणि मग लोखंडाचं म्हणून जे मोजायचं ते आधी जस्ताचंच निघतं. साधे काळे खिळे घेऊन घासले.

लोखंडाच्या पात्रात तासाभरात फरक दिसला. खिळ्याला टेकलेला साका आधी राखाडी झाला आणि ती राखाडी कड हळूहळू बाहेर सरकत गेली. साका पाण्यात विरघळत नाही आणि खिळा दूर आहे, मग लांबच्या कणांपर्यंत इलेक्ट्रॉन कसे जातात? कारण तेच, जे पट्टीवरच्या फांद्यांचं होतं. झालेली चांदी सच्छिद्र असते आणि वीज वाहते, म्हणून खिळ्यापासून सलग चांदीतून इलेक्ट्रॉन पुढच्या कडेपर्यंत पोहोचतात. ढवळलं की काम भरभर होतं. जस्ताच्या पात्रात याहून जलद, पण बुडबुडेही पुष्कळ. आम्लाबरोबर जस्ताचं गणित ०.०० + ०.७६ असं धनच आहे, त्यामुळे बरंच जस्त हायड्रोजन काढण्यात जातं. मामांना खिळेच सोयीचे.

तांब्याच्या पात्रात संध्याकाळपर्यंत साका पांढराच होता.

२५ जुलै

तांब्याच्या पात्रातला साका अजूनही बहुतेक पांढरा आहे, पण पट्टीला जिथे टेकलाय तिथे राखाडी-काळी कड धरली आहे. चौथ्या पात्रात तशी कड नाही, म्हणजे हे उजेडाचं काम नव्हे. पाणी निळं झालेलं नाही. भाकितात −०.१२ असताना हे काय?

आधी संहती तपासली. मिठाचं पाणी एक मोलर. −०.१२ हा आकडा Cu²⁺ एक मोलर असतानाचा, आणि आमच्या पात्रात सुरुवातीला Cu²⁺ शून्यच. नर्न्स्ट लावला तर Cu²⁺ साधारण १०⁻⁴ मोलर होईपर्यंत अभिक्रिया पुढे जाऊ शकते, मग थांबते. एवढ्याशा तांब्याने इतकी ठळक कड येणार नाही, असं वाटलं. मग मॅडमकडे गेलो.

त्यांनी एकच प्रश्न विचारला: "तांबं Cu²⁺ होऊनच विरघळतंय, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

क्लोराईड भरपूर असताना तांबं एकच इलेक्ट्रॉन देऊन क्युप्रस क्लोराईड होऊ शकतं:

CuCl + e⁻ → Cu + Cl⁻

Cu⁺ चा आकडा +०.५२, CuCl चा विद्राव्यता गुणाकार १.७ × १०⁻⁷. चांदीसाठी केलं तेच गणित केलं की ०.५२ − ०.४० = ०.१२ येतो. आता वजाबाकी: ०.२२ − ०.१२ = +०.१०. चिन्ह उलटलं!

AgCl + Cu → Ag + CuCl

आणि या समीकरणाची खुबी अशी की दोन्ही बाजूंना सगळेच पदार्थ घन आहेत. Q मध्ये घ्यायला संहतीच उरत नाही, म्हणून मीठ कमी करा की जास्त, आकडा +०.१० च राहतो. (मीठ भरपूर असेल तर थोडं CuCl हे CuCl₂⁻ होऊन विरघळतं आणि ते रंगहीन असतं, म्हणून पाणी निळं नाही. ते पाणी उघडं ठेवलं तेव्हा हवेने दुसऱ्या दिवशी हिरवट झालं.)

म्हणजे मामांचं "काय हलत न्हाई" आणि तक्त्याचं "होईल" दोन्ही खरं आहे. अभिक्रियेला मुभा आहे, पण ०.१ व्होल्टचा जोर, घन साका आणि घन पट्टी यांची जेमतेम गाठ, वर CuCl चा थर, या सगळ्यात ती रांगते. पट्टी आणि साका असंच पात्र ९० अंशांच्या आसपास तापवून ढवळत ठेवलं तेव्हा कड बरीच लवकर पसरली.

मॅडमनी एक माहिती दिली ती मला फार आवडली. सतराव्या शतकात दक्षिण अमेरिकेतल्या पोटोसीच्या खाणींच्या परिसरात आल्वारो अलोन्सो बार्बा नावाचे धर्मगुरू होते. क्लोराईडच्या रूपात चांदी असलेलं खनिज ते मिठाच्या पाण्यात आणि पाऱ्याबरोबर तांब्याच्या कढयांत उकळत. साक्यातली चांदी मोकळी करायचं काम त्या कढईचं तांबंच करत होतं. तक्ता नव्हता, व्होल्ट नव्हता, पण उष्णता देऊन हा +०.१० त्यांनी कामाला लावला होता.

२८ जुलै

चिन्ह आणि वेग वेगळे आहेत हे आणखी स्वच्छ दिसावं म्हणून छोटी पडताळणी. ॲल्युमिनियमचा आकडा −१.६६. मोरचुदाबरोबर ०.३४ + १.६६ = +२.००, या वहीतला सर्वांत मोठा. मोरचुदाच्या द्रावणात ॲल्युमिनियमची पट्टी टाकली, बराच वेळ काही नाही. तिच्यावरचा ऑक्साईडचा पातळ, चिवट थर धातूला द्रावणापर्यंत पोहोचू देत नाही. त्यात चिमूटभर मीठ टाकलं. क्लोराईड त्या थराला भोकं पाडतो. पट्टीवर लाल ठिपके उठले, पाणी तापलं, आणि थोड्याच वेळात सगळीकडे तांब्याचा लाल गाळ.

यावरून वहीत नियम असा लिहिला. चिन्ह ऋण असेल आणि ओळ, संहती दोन्ही बरोबर घेतलेल्या असतील, तर कितीही थांबलं तरी होणार नाही. चिन्ह धन असेल तर होऊ शकतं, एवढंच. किती वेळात, ते तक्ता सांगत नाही.

१ ऑगस्ट

हुपरीत मामांच्या कारखान्यात. दह्याची बाटली त्यांनी फेकली नव्हती. वरचं निळं पाणी निथळून घेतलं (दागिन्याच्या चांदीत तांबं असतंच, म्हणून पाणी पट्टी न घालताही निळं), साका दोन-तीन पाण्याने धुतला, वर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून काळे खिळे टाकले आणि बांबूच्या काडीने अधूनमधून ढवळत राहिलो. धुणं गरजेचं, कारण Cu²⁺ राहिला तर लोखंड त्यालाही खाली आणतं (०.३४ + ०.४४ = +०.७८) आणि चांदीत तांबं मिसळतं.

सगळा साका चांदी झाला का, हे रंगावरून कळत नाही, कारण राखाडी चांदीच्या आत पांढरे कण झाकले जातात. चिमूटभर चूर्ण धुऊन त्यावर अमोनिया घातला. उरलेलं सिल्व्हर क्लोराईड अमोनियात विरघळतं, चांदी विरघळत नाही. गाळलेल्या पाण्यात लगेच नायट्रिक आम्ल टाकलं. पांढरा गढूळपणा आला, म्हणजे अजून साका शिल्लक. परत खिळे, परत ढवळणं. संध्याकाळच्या तपासणीत पाणी स्वच्छ राहिलं. अमोनियात चांदी विरघळलेलं पाणी साठवून ठेवायचं नाही, त्याच दिवशी आम्ल टाकून मोडायचं. ते ठेवलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. हे मामांना दोनदा सांगितलं आणि भिंतीवर लिहूनही ठेवलं.

खिळ्यांचे अवशेष चुंबकाने काढले, चूर्ण विरल आम्लाने आणि मग पाण्याने धुतलं, वाळवलं, आणि मामांनी टाकणखार घालून मुशीत आटवलं. साका कोरडा तोलला असता तर हिशेबाने १.४३ ग्रॅमला १.०८ ग्रॅम चांदी. आमच्याकडे फक्त ओला साका होता, त्यामुळे टक्केवारी लिहीत नाही.

मामांनी विचारलं, "मग बोअरचं पाणी वापरू नको म्हंतीस?"

"वापरू नका मामा. पावसाचं साठवलेलं नाहीतर डिस्टिल्ड. आणि वापरण्याआधी त्या पाण्याच्या पेल्यात चांदीच्या पाण्याचा एक थेंब टाकून बघा. पांढरं झालं तर ते पाणी नको."

३ ऑगस्ट

राहिला प्रश्न निळ्या पाण्याचा. तांब्याने चांदी खाली आणली म्हणजे तेवढं तांबं पाण्यात गेलं, आणि ते गटारातून पुढे पंचगंगेकडे जाऊ द्यायचं नाही, यावर आम्ही दोघी ठाम आहोत. वजाबाकी परवाचीच, +०.७८. भंगारातलं पातळ लोखंड निळ्या पाण्यात टाकलं. लोखंडावर लाल तांबं धरलं आणि निळा रंग दोन दिवसांत फिकट हिरवा होईल असा अंदाज आहे. खूण म्हणून गाळलेल्या थोड्या पाण्यात अमोनिया टाकून बघायचं: गडद निळा रंग आला तर तांबं अजून आहे. रंग न आल्यावर चुन्याची निवळी घालून उरलेलं लोखंड हायड्रॉक्साईड करून खाली बसवायचं. मोकळं नायट्रिक आम्ल फार असेल तर लोखंड आधी त्यातच वाया जातं, म्हणून मामांच्या पुढच्या बाटलीचा सामू मोजून मगच भंगार टाकायचं ठरलं आहे.